शके १८९७ चे गुपित

वाचकहो, या सदरात आम्ही दर महिन्याला महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या मराठी घराच्या ओसरीवर क्षणभर टेकतो. या खेपेची ओसरी पांढुर्ण्याची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर पांढुर्णा आणि सौंसरही तिकडेच राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथली मुले शाळेत हिंदी लिहितात, घरी मराठी बोलतात, आणि दोन्हींची लिपी एकच असल्यामुळे आजीच्या पेटीतला कागद अडखळत का होईना, पण वाचू शकतात. आमची आजची गोष्ट अशाच एका कागदाची आहे. गाव खरे आहे, पंचांग खरे आहे. माणसे मात्र कथेतली आहेत, म्हणून त्यांना आम्ही नावे दिलेली नाहीत.

मुलगी दहा वर्षांची. आईवडील नोकरीसाठी नागपुरास, आणि ती शाळेसाठी आजीआजोबांजवळ. २०२५ च्या गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, आजीने गुढीसाठी रेशमी खण काढावयास लोखंडी पेटी उघडली. खणाच्या घडीखाली एक पिवळी पडलेली लग्नपत्रिका होती. आजी गुढीकडे वळताच मुलीने ती उचलून दप्तरात टाकली. तिचा हेतू चोरीचा नव्हता. तिला केवळ वाचावयाची होती. पण वाचून ती चक्रावली. इंग्रजी तारखेचा कोपरा कसरीने खाल्लेला होता आणि उरलेल्या मजकुरात स्पष्ट छापले होते : शके १८९७, वैशाख शु. ३. आजोबांचे वय त्र्याहत्तर आणि त्यांच्या लग्नाला एकशे अठ्ठावीस वर्षे झालेली!

हे कोडे घेऊन ती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त मास्तरांकडे गेली. मास्तर आधी मनमुराद हसले आणि मग त्यांनी पाटी पुढे ओढली.

"बाई, हे इसवी सन नाही, हा शक आहे. यात अठ्ठ्याहत्तर मिळव पाहू."

"एकोणीसशे पंच्याहत्तर."

"आता दोन हजार पंचवीसमधून वजा कर."

बोटांवर हिशेब न करताच उत्तर आले : "पन्नास." आणि तिच्या तोंडाचा आ तसाच राहिला.

मास्तरांनी तिला आणखी एक गोष्ट समजावून सांगितली, आणि ती आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या उपयोगाची आहे. चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे तीनशे चोपन्न दिवस होतात. सूर्याच्या वर्षापेक्षा ते अकरा दिवसांनी कमी. म्हणून तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेच्या मागे मागे सरकते, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे येते. लग्नाची तिथी आणि लग्नाची तारीख यांची पुन्हा गाठ पडते ती साधारणपणे एकोणीस वर्षांनी, तीही कधी एक दिवस मागेपुढे. पन्नासाव्या वर्षी ती पडत नाही. १९७५ साली अक्षय तृतीया मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आली होती. २०२५ साली ती ३० एप्रिललाच येत होती. तेव्हा सुवर्णमहोत्सव कोणत्या दिवशी करावयाचा, हा खरा प्रश्न होता.

"तारखेचं तर आबांनाही आठवत नसेल," मुलगी म्हणाली. "पण आखितीला लग्न झालं, हे सारे म्हणतात."

"मग आखितीच धर," मास्तर म्हणाले. "पण मी सांगतो ते नीट ऐक. त्या दिवशी तुमच्या घरी लग्नाची गोष्ट कोणी काढत नाही. का, ते तुला ठाऊक आहे?"

तिला ठाऊक नव्हते. मास्तरांनी ते मोजक्या शब्दांत सांगितले. लग्नाला वर्ष पुरे व्हायच्या आतच आजोबांचे वडील गेले. लग्नाचा पहिला वाढदिवस आला तो अक्षय तृतीयेला, आणि आपल्याकडे तो दिवस पितरांचा. मातीची लाल घागर भरून, तिच्यावर आंबा ठेवून, पितरांना जेवू घालावयाचे. पंचवीस वर्षांच्या आतल्या त्या मुलाने पहिली घागर भरली ती आपल्या वडिलांसाठी. तेव्हापासून त्या घरात तो दिवस वडिलांचा झाला. नवराबायकोचा राहिला नाही. एकोणपन्नास वर्षे कोणी काही ठरविले नाही, कोणी काही मोडलेही नाही.

मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "मास्तर, घागर दुपारची असते ना? संध्याकाळी तर पितर जेवून गेलेले असतात."

या प्रश्नावर मास्तर गुपितात सामील झाले.

आता गल्लीचे शहाणपण पाहा. ज्या दिवशी घरोघर पुरण शिजत असते, कुरडया तळल्या जात असतात, त्या दिवशी एखाद्या घरातून तळणाचा वास आला तर कोणाला संशय येणार? सणाचा दिवस हीच या बेताची पहिली ढाल होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एकाच घरानं चाळीस माणसांचा किराणा आणला, तर दुकानदारच तुझ्या आबाला विचारील. एकेक जिन्नस एकेका घरी वाटून देऊ." त्याप्रमाणे तीन किलो तांदूळ एका घरी, दीड किलो तुरीची डाळ दुसऱ्या घरी, पाच किलो वांगी तिसरीकडे अशी वाटणी झाली. बुंदीचे काम समोरच्या मावशींनी घेतले, कारण बुंदी पाडावयाचा जुना झारा त्यांच्याकडेच होता. एक किलो बेसन आणि दीड किलो साखर, म्हणजे प्रत्येकाच्या पानात मूठभर बुंदी नक्की पडते, हा त्यांचा हिशेब.

आणि जेवणात हेच पदार्थ का? तर पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीने एक टिपण होते. आजीच्या वडिलांनी, म्हणजे सौंसरच्या वधूपित्याने, लग्नाच्या आदल्या दिवशी ते केले असावे : पत्रावळी ३००, वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. खाली मांडववाल्याला द्यावयाचे पैसे, आणि त्याच्याही खाली, 'धाकटीला गोवर, तिला खोलीतून बाहेर आणू नये.' ही धाकटी म्हणजे आजीची बहीण. आज ती अठ्ठावन्न वर्षांची असून सौंसरलाच राहते. बहिणीचे लग्न अंगणात लागत असताना ती आठ वर्षांची पोर बंद दाराआड तापाने फणफणत पडली होती. तिने अक्षता टाकल्याच नाहीत. मुलीने हे वाचले आणि काकूंच्या फोनवरून सौंसरला पहिला निरोप गेला : मावशीआजीने त्या दिवशी यायचेच, पण आजीला कळू द्यायचे नाही.

बेत येथवर बिनबोभाट आला आणि मग दोन ठिकाणी अडला.

पहिली अडचण आजोबांची. त्यांची संत्र्याची बाग मृग बहाराची. मृग बहार धरावयाचा म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत झाडांना ताण द्यावयाचा. पाणी तोडावयाचे, झाड पाने गाळून थोडे मलूल होऊ द्यावयाचे, म्हणजे पावसाच्या पहिल्या पाण्याबरोबर ते फुलांनी लगडते. बागेला पाणीच द्यावयाचे नाही म्हटल्यावर आजोबांना तिकडे काम उरले नाही आणि ऐन उन्हाळ्यात ते दिवसभर ओसरीवर बसू लागले. गल्लीत कोण कोणाकडे जाते, कोणाच्या हातात काय आहे, हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर. यावर उपाय काढला तो पलीकडच्या बागाइतदारांनी. त्यांची बाग आंबिया बहाराची. जानेवारी-फेब्रुवारीत तिला फुले आलेली, आणि आता झाडांवर लिंबाएवढी हिरवी फळे. आंबियाला या दिवसांत पाणी कमी पडले, की उन्हाच्या तडाख्याने फळगळ होते. "दादा, माझ्या बागेत फळ फारच गळून राहिलं आहे. जरा येऊन पाहता का?" एवढे म्हटले की आजोबा चप्पल घालून तयार. फळगळ खरीच होती. ती थोडी वाढवून सांगितली इतकेच. शेवटच्या आठवड्यात आजोबा रोज सकाळी दोन तास त्या बागेत असत, आणि त्या दोन तासांत गल्लीतली सारी देवघेव उरकत असे.

दुसरी अडचण मात्र अशी नव्हती, की कोणी हसून सोडवावी. पाडव्यानंतर आठ-दहा दिवसांनी आजी खण परत ठेवावयास पेटीशी गेली आणि पत्रिका तिला दिसली नाही. तिने पेटी उपसली, कपाट उपसले, देवघराचा फडताळही पाहिला. मुलीला ती एका शब्दाने बोलली नाही. पण रात्री मुलगी अंथरुणावर जागी असताना तिला शेजारच्या खोलीतून आजीचा आवाज ऐकू आला :

"बाबांच्या हातचं अक्षर एवढंच उरलं होतं हो माझ्याजवळ."

आजोबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने फक्त ते उठल्याचे आणि दिवा लावून पुन्हा पेटीत शोधू लागल्याचे ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटली ती मुलगी थेट काकूंच्या घरी आली आणि चुलीशेजारी बसून रडू लागली. तिला आता काही नको होते. ना बुंदी, ना अक्षता. सारे आजीला सांगून टाकावे आणि पत्रिका तिच्या हातात द्यावी, एवढेच तिला वाटत होते. काकूंनी तिचे डोळे पुसले नाहीत. आधी विचारले, "आजीनं तुला विचारलं का, पत्रिका कुठं आहे म्हणून?"

"नाही."

"विचारलं तर काय सांगशील?"

मुलगी उत्तर देऊ शकली नाही.

"मग ऐक," काकू म्हणाल्या. "गुपित राखणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. तिनं विचारलं, तर खरं सांगायचं, मग बेत मोडला तरी चालेल. पण ज्या गोष्टीपायी माणूस रात्रीचं उठून बसतं, ती गोष्ट आपल्या गुपितासाठी अडवून ठेवायची नाही. पत्रिकेतलं सारं आपल्याला पाठ झालं आहे. आज दुपारीच ती परत ठेव."

त्या दुपारी काकूंनी फोनमध्ये पत्रिकेच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घेतले. आजी पाण्याच्या नळावर गेली असताना मुलीने पत्रिका पेटीत, पण मुद्दाम वरच्याच घडीत, ठेवली. संध्याकाळी आजी पेटीशी गेली. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. मग ती बाहेर आली, मुलीच्या वेणीचा सुटलेला गोफ पुन्हा घातला, आणि स्वयंपाकाला लागली. तिने काही विचारले नाही. मुलीला वाटले, सुटलो.

३० एप्रिलला, बुधवारी, अक्षय तृतीया उजाडली. दुपारी आजोबांनी सोवळ्याने घागर भरली, वर आंबा ठेवला, पुरणपोळी आणि चिंचवणीचा नैवेद्य दाखविला, आणि नेहमीप्रमाणे घागरीसमोर थोडा वेळ नुसते बसून राहिले. मुलगी दारात उभी राहून ते पाहत होती. आजवर तिने हे दर वर्षी पाहिले होते. त्या दिवशी प्रथमच तिला कळले, की आबा कोणाशी बोलत आहेत.

ऊन उतरल्यावर मास्तरांनी आजीआजोबांना आपल्या अंगणात सरबताला बोलावले. अंगणात गल्लीतली आठही घरे जमली होती. मुलीचे आईवडील नागपूरहून येऊन मास्तरांच्या आतल्या खोलीत दडून बसले होते. पुन्हा लग्न लावावयाचे नव्हते. अंतरपाट नव्हता, होम नव्हता. दोन पाट, मोगऱ्याचे दोन हार आणि परातीत हळदीकुंकवाच्या अक्षता, एवढेच. बाकीचा खर्च गल्लीने कोणाला कळू दिला नाही. अक्षतांचा तांदूळ आणि मोगरा मात्र मुलीने आपल्या खाऊच्या पैशांतून आणला होता, आणि तुटका दाणा अक्षतेत चालत नाही म्हणून आदल्या रात्री काकूंच्या घरी बसून तो एकेक निवडला होता.

आजोबा उंबरठ्यावरच थबकले. पाट पाहिले, हार पाहिले, आणि त्यांचा चेहरा कठीण झाला. "आजचा दिवस या गोष्टींचा नाही," ते म्हणाले. अंगणात कोणी हलले नाही. ज्या क्षणाची मास्तरांना महिनाभर धास्ती होती, तो हाच.

मुलगी पुढे झाली. "आबा, दुपार तुमच्या बाबांची होती. ती झाली. मी मास्तरांना विचारलं होतं."

आजोबा तिच्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात मागून सौंसरची मावशीआजी पुढे आली. तिला पाहताच आजीचा हात तोंडावर गेला. मावशीआजीने परातीतल्या अक्षता मुठीत घेतल्या आणि म्हणाली, "भाऊजी, माझ्या पन्नास वर्षांच्या अक्षता बाकी आहेत. मला गोवर झाला होता, यात माझा काय दोष?"

कोणीतरी हसले, आणि मग सारेच. आजोबा मात्र हसले नाहीत. ते परातीजवळ आले, चिमूटभर अक्षता उचलल्या, आणि कोणाला काही न सांगता आपल्या घराकडे चालू लागले. अंगण पुन्हा स्तब्ध झाले. मुलगी त्यांच्या मागोमाग धावली. तिने पाहिले ते असे : आबा घागरीपुढे वाकले, अक्षता तिच्या पायथ्याशी वाहिल्या, आणि हलकेच म्हणाले, "बाबा, मी जाऊन येतो."

मग ते परतले आणि मुकाट्याने पाटावर बसले. पहिल्या अक्षता मावशीआजीने टाकल्या.

रात्री पंगत झाली. वरण, भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. पहिला घास घेताच आजीने पानाकडे निरखून पाहिले. निजावयाच्या वेळी तिने मुलीला जवळ घेतले आणि पत्रिका तिच्या हातात दिली.

"आता ही तू सांभाळ. मात्र पुन्हा नेशील, तेव्हा काकूंच्या चुलीजवळ ठेवू नकोस. कागदाला धुराचा वास लागतो."

"म्हणजे तुला तेव्हापासून ठाऊक होतं?"

"पत्रिका तू नेलीस, एवढं कळलं. कशासाठी, ते कळलं नाही," आजी म्हणाली. "पण तू परत आणून ठेवलीस ना, म्हणून मी विचारलं नाही."